शिवी आणि वेदना

इसवी सन १८६६ च्या मार्च महिन्यांत बेल्जममधील नामूर ह्या गांवीं एक चर्च पाहत असतां शार्ल बोदलेर हा फ्रेंच कवि तोल जाऊन पडला. थोड्याच दिवसांत त्याच्या शरीराची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. ब्रुसेल्स शहरांत ख्रिस्ती मठवासिनी चालवीत असलेल्या एका रुग्णालयांत त्याला ठेवण्यांत आलें. ज्या माणसानें फ्रेंच भाषेंतील एकेक शब्द सोनाराच्या कांट्यावर तोलून वापरला होता, त्याच्या जिभेवर आतां एकच उद्गार उरला: 'क्रे नाँ!' राग आला तरी तोच, होकार द्यावयाचा असला तरी तोच, आणि कोणी भेटावयास आल्याचा आनंद झाला तरीही तोच. हा उद्गार म्हणजे 'देवाचें पवित्र नांव' अशा अर्थाच्या एका फ्रेंच शपथेचा मोडका तुकडा होय. आणि देवाचें नांव त्राग्यानें उच्चारणें ही ख्रिस्ती समाजांत निखालस शिवी समजली जाई. बिचाऱ्या मठवासिनींना हें ऐकवेना. कवीच्या आईनें त्याला लौकरच तेथून हलविलें. पुढें ३१ ऑगस्ट १८६७ रोजीं पॅरिस येथें त्याचा अंत झाला. पण गेलेली भाषा कांहीं परत आली नाहीं.

बोदलेरच्या ह्या शोकांतिकेंत शिवीविषयींचा एक प्रश्न दडलेला आहे. शिवी हीही भाषाच असेल, तर बाकीची सारी भाषा पुसली गेली असतां ती तेवढी मागें कशी राहिली? आणि खिळा ठोकतांना हातोडी अंगठ्यावर बसली कीं, एरवीं सभ्य असलेल्या गृहस्थाच्या तोंडून जो शब्द निसटतो, तोही ह्याच निराळ्या कोठारांतून येतो कीं काय? येत असेल, तर त्या शब्दानें कळ खरोखरच कमी होते, कीं केवळ कमी झाल्यासारखी वाटते? ह्यांपैकीं पहिल्या प्रश्नाचा विचार एकोणिसाव्या शतकांतच सुरू झाला. शेवटच्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं मात्र मोजमाप हातीं घेऊन कोणी बसावयास २००९ साल उजाडावें लागलें.

बोदलेर आजारी पडण्यापूर्वीं पांच वर्षें, १८६१ च्या एप्रिलमध्यें, पॅरिसनजीकच्या बिसेत्र रुग्णालयांत पॉल ब्रोका ह्या शस्त्रवैद्यापुढें लबोर्न्य नांवाचा एक रोगी आणण्यांत आला. हा मनुष्य एकवीस वर्षें त्या रुग्णालयांत काढीत होता. त्याला कांहींही विचारलें तरी 'तान्, तान्' एवढेंच उत्तर येई. म्हणून रुग्णालयांत त्याचें नांवच तान् पडलें होतें. दुसऱ्याचें बोलणें त्याला बरेंचसें समजत असे. हातवारे करून तो आपलें म्हणणें पटवूं पाही. आणि इतकें करूनही समोरच्यास तें कळलें नाहीं म्हणजे त्याचा संताप अनावर होई. अशा वेळीं त्याच्या तोंडून 'तान्' खेरीज आणखी एक उद्गार स्पष्टपणें बाहेर पडे, आणि तो म्हणजे बोदलेरच्या ओठांवर पुढें जिचा तुकडा उरला तीच संपूर्ण शपथ! ब्रोकानें पाहिल्यानंतर थोड्याच दिवसांत तो रोगी वारला. त्याचा मेंदू तपासतां डाव्या बाजूच्या पुढील भागांत मोठा बिघाड आढळला, आणि वाणीचें स्थान मेंदूच्या डाव्या अर्धांत आहे ह्या सिद्धांताची तेथें पायाभरणी झाली. वैद्यकाच्या ग्रंथांतून 'तान्' अमर झाला. त्याची शिवी मात्र तळटीपेच्याही वाट्याला क्वचितच आली. संशोधकांनाही सोंवळें असतें, त्याला काय करणार!

लंडनमधील जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन ह्या मज्जारोगतज्ज्ञाला असें सोंवळें नव्हतें. १८७० नंतरच्या दशकांत वाचा गेलेल्या अनेक रोग्यांचें निरीक्षण करून त्यानें भाषेचे दोन थर कल्पिले. वरच्या थरांत विधान असतें. 'पाणी गार आहे' असें म्हणतांना मनुष्य शब्द निवडतो, जोडतो आणि त्यांतून कांहीं सांगतो. खालच्या थरांत विधान नसतें. तेथें आपोआप घडणारे उद्गार असतात. शपथा आणि शिव्या जॅक्सननें ह्या खालच्या थरांत घातल्या. त्याच्या मतें शिवी देणारा कांहीं सांगत नसतो. शिवी हा त्याच्या क्षोभाचाच एक अवयव असतो, जशी आवळलेली मूठ किंवा चढलेली भुंवई. म्हणूनच मेंदूच्या डाव्या अर्धाला इजा होऊन विधानें करण्याची शक्ति गेली, तरी क्षोभाबरोबर शिवी तेवढी उसळून येते. शिवाय असा रोगी ती शिवी हुकमेहुकूम उच्चारूं शकत नाहीं. 'मघांचा शब्द पुन्हा म्हणा पाहूं' म्हटलें कीं तो मुका होतो. चिडला कीं अस्खलित म्हणतो. १९६६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन रोग्याच्या हकीकतींत तर मेंदूचा डावा अर्ध शस्त्रक्रियेनें काढून टाकावा लागला असतांही शिव्या टिकून राहिल्याची नोंद आहे. सगळ्या शिव्या उजव्या अर्धांतच असतात असें ह्यावरून म्हणतां येणार नाहीं; पण त्यांची मुळें निवडून बोलण्याच्या भाषेहून अधिक खोल, भयक्रोधादि भावनांच्या प्रदेशांत गेलेलीं आहेत, एवढें मान्य करावेंच लागतें.

मेंदूशास्त्राची ही वाट अशी पुढें जात असतां दुखण्याकडे पाहण्याची सामाजिक दृष्टि नेमकी उलट होती. दुखलें असतां तोंड उघडणें हा कमकुवतपणा, ही समजूत युरोपांत दृढ होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सिस ग्रोस ह्या इंग्रज गृहस्थानें बाजारी बोलीचा एक कोश केला. त्यांत 'नाइटिंगेल' ह्या पक्ष्याच्या नांवाचा एक सैनिकी अर्थ दिला आहे: फटक्यांची शिक्षा भोगतांना जो ओरडतो तो शिपाई. कांहीं पलटणींतील ग्रेनेडियर लोक हें नांव आपणांस चिकटूं नये म्हणून फटके खातांना शिशाची गोळी दांतांखालीं धरून चावीत, असेंही तो सांगतो. शाळेंत छडी खातांना ओठ घट्ट मिटून उभ्या राहणाऱ्या मुलाचें कौतुक ज्या पिढ्यांनीं केलें, त्यांना हें नवें वाटणार नाहीं. मानसशास्त्रांतही ह्या समजुतीला एक शास्त्रीय पोषाख मिळाला. वेदनेचा बाऊ करण्याची, म्हणजे 'आतां हें सहन व्हावयाचें नाहीं, आतां सर्व संपलें' असें मनाशीं घोकण्याची, कांहीं लोकांची वृत्ति असते. आणि अशा लोकांना वेदना अधिक जाणवते, हें प्रयोगांनीं दिसून आलें आहे. मग शिव्या देणें हाही अशा बाऊचाच एक प्रकार, अर्थात् त्यानें दुखणें वाढावयाचेंच, असा तर्क करणें सोपें होतें. कोणी तो पडताळून मात्र पाहिला नव्हता.

तो पडताळण्याची बुद्धि इंग्लंडमधील कील विद्यापीठांतील रिचर्ड स्टीफन्स ह्या मानसशास्त्राच्या अध्यापकाला झाली, आणि ती कोठें झाली हें त्यानेंच पुढें सांगितलें आहे. त्याची पत्नी प्रसूत होत होती. कळा वाढल्या तसे तिच्या तोंडून एकाहून एक अर्वाच्य शब्द बाहेर पडूं लागले. कळ ओसरली कीं ती ओशाळून क्षमा मागे. पुढची कळ आली कीं पुन्हा तेंच. तेथील सुइणीला त्याचें कांहींच वाटलें नाहीं. असें तर नेहमींच घडतें, ती म्हणाली. वेदनेच्या प्रसंगीं इतक्या सर्रास घडणारी गोष्ट केवळ वेदना वाढवीत असेल तर ती घडतेच कशाला, हा प्रश्न घेऊन स्टीफन्स प्रयोगशाळेंत परतला.

वेदना मोजावयाची तर प्रथम ती निर्माण करावी लागते. आणि ती इजा न करणारी, सर्वांना सारखी, आणि सोसणाऱ्यास हवी तेव्हां थांबवितां येईल अशी असावी लागते. ह्या कामीं एक जुनें साधन हाताशीं होतें. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील मेयो क्लिनिक येथें हाइन्स व ब्राउन ह्या दोघां डॉक्टरांनीं, थंडीच्या धक्क्यानें रक्ताचा दाब किती चढतो हें पाहण्यासाठीं, रोग्याचा हात बर्फाच्या पाण्यांत बुडविण्याची पद्धति रूढ केली होती. असें पाणी प्रथम नुसतें गार लागतें. मग तें बोचूं लागतें. आणि थोड्याच वेळांत हाडें पिळून निघाल्यासारखी खोल ठणक सुरू होते. हात बाहेर काढला कीं ती हळूहळू विरते, मागें कांहीं राहत नाहीं. रक्तदाबाची ही चांचणी वेदनेच्या अभ्यासकांनीं केव्हांच उचलली होती.

स्टीफन्स व त्याचे दोन सहकारी ह्यांनीं ६७ विद्यार्थी, तरुण व तरुणी, निवडले. प्रत्येकास आधीं दोन याद्या करावयास सांगितल्या. हातोडी अंगठ्यावर बसली तर तोंडांतून कोणते शब्द येतील, ते पांच शब्द पहिल्या यादींत. टेबलाचें वर्णन करावयाचें तर कोणते शब्द वापराल, ते पांच दुसऱ्या यादींत. पहिल्या यादींतील पहिली शिवी ही त्या विद्यार्थ्याची शिवी ठरली, आणि टेबलाच्या यादींतून 'लांकडी', 'सपाट' अशा जातीचा एक निरुपद्रवी शब्द घेण्यांत आला. शिवी प्रयोग करणाऱ्यानें ठरविलेली नव्हती, ज्याची त्याची होती, हें येथें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. मग प्रत्येकाचा हात प्रथम साधारण खोलीच्या तपमानाच्या पाण्यांत तीन मिनिटें ठेवला, जेणेंकरून कोणाचा हात उन्हांतून आलेला व कोणाचा खिशांतला असा भेद उरूं नये. त्यानंतर तोच हात पांच अंश सेंटिग्रेडच्या पाण्यांत बुडवून, सोसवेल तितका वेळ तो आंत ठेवावयास सांगितलें. हात आंत असेतोंपर्यंत एका खेपेस शिवी व दुसऱ्या खेपेस टेबलाचा शब्द, सारख्याच वेगानें व सारख्याच आवाजांत म्हणत राहावयाचें. कोणास आधीं शिवी, कोणास आधीं टेबल. पांच मिनिटांनंतर हात बाहेर काढविण्यांत येई.

निकाल स्टीफन्सच्या अपेक्षेपेक्षांही ठळक आला. टेबलाचा शब्द म्हणतांना जो हात जितका वेळ पाण्यांत राहिला, त्याहून शिवी म्हणतांना तो सरासरीनें सुमारें चाळीस सेकंद अधिक राहिला. वरवर ही वाढ लहान भासते. पण ज्या पाण्यांत पुष्कळांना दोन मिनिटें काढणेंही कठीण जातें, तेथें चाळीस सेकंद म्हणजे पाव ते तिसरा हिस्सा. तरुणींचा हात एकूण तरुणांपेक्षां लौकर बाहेर येई. परंतु शिवीचा लाभ दोघांनाही झाला, आणि 'किती दुखलें?' ह्या प्रश्नाच्या उत्तरांत पडलेला फरक तर तरुणींच्या बाबतींत अधिक होता. शिवी म्हणतांना हृदयाचे ठोकेही अधिक वाढले. अपवाद निघाला तो नेमका जुन्या तर्काच्या पक्षाचा: जे तरुण मुळांतच वेदनेचा बाऊ करणारे होते, त्यांचा हात शिवीनें अधिक वेळ पाण्यांत टिकला नाहीं. म्हणजे शिवी आणि बाऊ ह्या एकाच माळेच्या मणी नव्हत्या. उलट जेथें बाऊ आहे तेथेंच शिवी निष्प्रभ ठरत होती. २००९ सालीं हा प्रयोग प्रसिद्ध झाला, आणि पुढच्या वर्षीं त्याला अमेरिकेंतील 'इग् नोबेल' हें, आधीं हंसविणाऱ्या व मग विचार करावयास लावणाऱ्या संशोधनास दिलें जाणारें, गमतीचें पारितोषिक मिळालें, तेंही शांततेसाठीं!

ठोके वाढले ह्या एका गोष्टीवरून स्टीफन्सनें जें स्पष्टीकरण दिलें, त्याचा धागा वॉल्टर कॅनन ह्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाच्या १९१५ च्या ग्रंथापर्यंत जातो. भुंकणारा कुत्रा समोर आणला असतां मांजराच्या रक्तांत ॲड्रिनलिन उतरतें, हृदय जोरानें चालूं लागतें, आणि सारें शरीर लढावयास वा पळावयास सिद्ध होतें, हें त्यानें दाखविलें होतें. लढाईच्या भरांत असलेल्या प्राण्याला जखम फारशी जाणवत नाहीं. शिवी ही माणसानें स्वतःच स्वतःवर सोडलेली एक लहानशी लढाई आहे, तिनें शरीर चेततें आणि त्या चेतण्यांत दुखणें मागें पडतें, असा हा विचार. तो आकर्षक खरा. पण पुढें तो जसाच्या तसा टिकला नाहीं. त्याकडे येण्यापूर्वीं मधले तीन प्रयोग पाहिले पाहिजेत, कारण शिवीची शक्ति नेमकी कशांत आहे हें त्यांनींच उलगडलें.

पहिला प्रयोग २०११ चा. शिवी जर औषध असेल, तर जो रोज तें घेतो त्याला तें लागूं पडतें काय? स्टीफन्स व त्याची एक सहकारी ह्यांनीं विद्यार्थ्यांना, दिवसाकांठीं तुम्ही किती वेळां शिव्या देतां, असें आधीं विचारून घेतलें, आणि मग तोच बर्फाच्या पाण्याचा प्रयोग केला. जो विद्यार्थी दिवसभरांत जितका शिवराळ, तितका त्याला शिवीचा जादा लाभ कमी, असें आढळलें. शिमग्याच्या दिवसांत ज्यांनीं गल्लीगल्लींतून चालणारी बोंबाबोंब ऐकली आहे, त्यांना ह्याचें कारण सांगावयास नको. ज्या दिवशीं सर्वांनाच मोकळीक असते, त्या दिवशीं शिवीला धार कोठली? तोच शब्द श्रावणांतल्या एखाद्या दुपारीं आजोबांच्या तोंडून पाट पायावर पडल्यामुळें निघाला, तर सारें घर चमकून पाहतें.

दुसरा प्रयोग २०१७ सालचा. इंग्रज विद्यार्थ्यांच्या संवयीचा हा खेळ असेल अशी शंका घेण्यास जागा होती. म्हणून ब्रिटिश व जपानी अशा दोन्ही लोकांना पाण्यांत हात घालावयास लावलें. जपानी लोकांत दुखलें असतां अशी शिवी देण्याची रीत इंग्रजांसारखी नाहीं. तरीही विष्ठावाचक 'कुसो' हा आपल्या भाषेंतील शब्द म्हणतांना त्यांचाही हात साध्या शब्दापेक्षां अधिक वेळ टिकला. अर्थात् दुखतांना शिवी देण्याची रूढी असो वा नसो, मनाई केलेला शब्द हाताशीं असला म्हणजे पुरतें.

तिसरा प्रयोग सर्वांत चतुर. शिवीनें दुखणें कमी होतें तें तिच्या आवाजामुळें काय? इंग्रजींतील पुष्कळ शिव्या तोंडांतून फुटल्यासारख्या बाहेर पडतात. तसा आवाज असलेला एखादा नवा, निष्पाप शब्द बनविला तर तोही चालेल काय? किंवा शिवी थोडी हंसूं आणते, मन दुसरीकडे वळविते, म्हणून आराम पडतो काय? २०२० सालीं स्टीफन्स व ऑली रॉबर्टसन ह्यांनीं ह्यासाठीं दोन बनावट शिव्या घडविल्या: 'फाउच' ही कानाला खऱ्या शिवीसारखी लागणारी, आणि 'ट्विझपाइप' ही ऐकतांच हंसूं यावें अशी. ९२ जणांनीं बर्फाच्या पाण्यांत हात घालून, दर तीन सेकंदांस एकदां ह्याप्रमाणें, ह्या दोन, एक खरी इंग्रजी शिवी, आणि एक साधा शब्द असे चार शब्द चार खेपांना म्हटले. बनावट शब्द लोकांना साध्या शब्दाहून अधिक गमतीचे व अधिक भावनेचे वाटले. पण दुखण्यावर त्यांचा परिणाम शून्य! खऱ्या शिवीनें मात्र 'आतां दुखूं लागलें' असें म्हणण्याची वेळ सुमारें ३२ टक्क्यांनीं, आणि हात बाहेर काढण्याची वेळ सुमारें ३३ टक्क्यांनीं लांबली.

ह्याचा अर्थ असा कीं औषध वर्णांत नाहीं, नादांत नाहीं, विनोदांतही नाहीं. तें त्या शब्दाच्या इतिहासांत आहे. हा इतिहास राष्ट्राचा नव्हे, तर ज्याच्या त्याच्या बालपणाचा. चार-पांच वर्षांचें मूल अंगणांतून एक नवा शब्द घरीं आणतें, जेवतांना तो सर्वांसमक्ष उच्चारतें, आणि त्याला अर्थही ठाऊक नसतांना आईची चपराक गालावर बसते. बापाचा चेहरा बदलतो, आजी कानांवर हात ठेवते. त्या क्षणीं त्या शब्दाला जी भीति, जी उत्तेजना चिकटते ती पुढें वकील झाला तरी सुटत नाहीं. 'फाउच' म्हटल्याबद्दल कोणाला कधीं चपराक बसली आहे? २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानें ह्या अनुमानाला बळकटी येते. मातृभाषा तुर्की असून मागाहून इंग्रजी शिकलेल्या लोकांना दोन्ही भाषांतील निषिद्ध शब्द व लहानपणच्या दटावण्या ऐकवून, त्यांच्या बोटांच्या कातडीवर घामामुळें होणारा सूक्ष्म विद्युत्-फरक मोजला गेला. मातृभाषेंतील शब्दांनीं तो अधिक होई. दटावण्यांच्या बाबतींत तर विशेष. ह्यावरून असें मानावयास हरकत नाहीं कीं, ठेंच लागतांच 'डॅम' म्हणणाऱ्या पुण्यामुंबईच्या साहेबी गृहस्थाला त्यापासून मिळणारा आराम बेताचाच असावा. आणि तो शब्द त्याच्या तोंडीं इतक्या सहज येतो ह्याचें कारणही तेंच असावें, कीं त्याच्या आईनें त्या शब्दासाठीं त्याला कधीं मारलें नाहीं.

येथें एक आक्षेप उभा राहतो. मराठी माणसाच्या तोंडून ठेंच लागल्यावर प्रथम शिवी न येतां बहुधा 'आई गं!' हेंच येतें. त्याचा कांहींच उपयोग नसावा काय? सिंगापुरांतील राष्ट्रीय विद्यापीठांत २०१५ च्या सुमारास ह्याला जवळचा असा एक प्रयोग झाला. तेथें लोकांना थंड पाण्यांत हात ठेवून नुसतें 'आऊ' असें विव्हळावयास सांगितलें होतें. गप्प बसण्यापेक्षां विव्हळल्यानें हात अधिक वेळ टिकला. स्वतःच्या वा दुसऱ्याच्या विव्हळण्याचा ध्वनिमुद्रित आवाज नुसता ऐकून मात्र लाभ झाला नाहीं. उलट, तोंड मिटून केवळ एक बटन दाबीत राहिल्यानेंही थोडा लाभ झाला. म्हणजे ओरडण्यांत निदान कांहीं भाग स्नायूंच्या हालचालीचा असतो. शरीर कांहीं करीत असलें कीं वेदनेचे निरोप वाटेंत थोडे अडतात. 'आई गं' ह्या हांकेला हा लाभ मिळत असणार. परंतु शिवीच्या प्रयोगांत दोन्ही खेपांना तोंड सारखेंच चालत होतें, म्हणून शिवीचा लाभ हा त्यावरचा वरकड लाभ होय. मराठींत ह्या दोन्ही उद्गारांच्या मुळाशीं आईच असावी, एकींत तिला हांक आणि दुसरींत दुसऱ्याच्या आईचा उद्धार, हा योगायोग नव्हे असें वाटतें. माणसाच्या मनांत ज्या नात्याला सर्वांत अधिक वजन, त्याच नात्याला दुखणें जाऊन धरतें.

आतां हृदयाच्या ठोक्यांविषयीं. २०१८ सालीं स्टीफन्सनें अमेरिकेंतील सहकाऱ्यांबरोबर, शिवी देतांना अंगांतील जोर वाढतो काय, हें पाहिलें. सायकलीच्या यंत्रावर जोरानें पायडल मारतांना आणि यंत्राची मूठ आवळतांना शिवी म्हणणाऱ्यांचा जोर खरोखर थोडा वाढला. पण ठोक्यांत वा घामांत शिवीमुळें फरक पडला नाहीं. कॅननच्या मांजराची उपपत्ति येथें लंगडी पडते. त्यामुळें अलीकडे स्टीफन्सचा कल दुसऱ्या एका कल्पनेकडे झुकला आहे: निषिद्ध शब्द उच्चारतांच मनावरचा नेहमींचा लगाम क्षणभर सैल होतो, मनुष्य 'होऊं दे काय व्हायचें तें' अशा वृत्तींत जातो, आणि त्यामुळें जोर लावण्यास वा दुखणें सोसण्यास तो कचरत नाहीं. ही कल्पना जॅक्सनच्या दोन थरांच्या कल्पनेशीं अधिक जुळती आहे. पण ती सिद्ध झाली असें म्हणण्याची वेळ अजून आलेली नाहीं.

ह्या सर्व प्रयोगांची एक अडचण उघड आहे, आणि ती सांगितली पाहिजे. औषध पारखतांना रोग्याला खरी गोळी दिली कीं साखरेची, हें त्याला कळूं न देतां येतें. आपण शिवी देत आहों कीं 'सपाट' म्हणत आहों, हें मात्र बर्फांत हात असलेल्या माणसापासून कोणालाच लपवितां येत नाहीं. शिवीनें बरें वाटेल अशी त्याची आधींच समजूत असेल, तर तिचा वांटा किती आणि शिवीचा किती, हें वेगळें काढणें अवघड आहे. दुसरें असें कीं येथें मोजली ती मिनिटा-दोन मिनिटांची, केव्हांही थांबवितां येणारी वेदना. वर्षानुवर्षें गुडघे धरून बसणाऱ्या, रात्र रात्र पाठीची ठणक सोसणाऱ्या माणसाला शिवीनें कांहीं लाभ होतो, असा निष्कर्ष ह्यांतून काढतां येत नाहीं. २०११ चा प्रयोग पाहतां तर तो होण्याचा संभव कमीच. कारण असें दुखणें दिवसांतून पन्नास वेळां डोकें वर काढतें, आणि पन्नास वेळां वापरलेला शब्द एकावन्नाव्या वेळीं टेबलाच्या शब्दाहून फारसा निराळा उरत नाहीं.